ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या घटली? टक्के, मोठे आकडे आणि तुलना लिहिताना काय सांभाळायचं

‘२००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या पाऊण टक्क्याने घटली.’

हे वाक्य साफ चुकीचं आहे. गंमत म्हणजे ते लिहायला लागणारे दोन्ही आकडे खरे आहेत. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ होती. आज ठाणे जिल्ह्याची माहिती शोधायला गेलात तर ‘२०११ च्या जनगणनेनुसार ८०,७०,०३२’ असा आकडा मिळतो. वजाबाकी केली की ६१,८१७ ची घट येते, म्हणजे ०.७६ टक्के. गणितात काही चूक नाही. पण त्या दहा वर्षांत घोडबंदर रोडवर जे टॉवर उभे राहिले ते पाहिलेल्या कोणालाही हे वाक्य पटणार नाही, आणि न पटणंच बरोबर आहे.

मधल्या काळात जिल्हाच बदलला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा असे आठ तालुके तिकडे गेले आणि ठाण्याकडे सात राहिले. २०११ ची मोजणी विभाजनाच्या आधीची, पण तिचे आकडे नंतर दोन जिल्ह्यांत वाटून दाखवले जाऊ लागले: ठाणे ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६. दोन्हींची बेरीज १,१०,६०,१४८. मूळ ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ही आहे. २००१ च्या आकड्याशी तिची तुलना केली तर २९,२८,२९९ ची वाढ दिसते, म्हणजे ३६ टक्के. पाऊण टक्का घट आणि छत्तीस टक्के वाढ, एवढा फरक फक्त ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे नेमका कोणता भूभाग, या एका प्रश्नाने पडला.

हाच जिल्हा उदाहरण म्हणून घेऊन पुढचं सगळं सांगतो. आकड्यांचा लेख लिहिताना मी ज्या क्रमाने जातो, तोच क्रम ठेवला आहे.

आधी पाया लिहून काढा

लेखाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी प्रत्येक आकड्यासमोर तीन गोष्टी टिपून ठेवायच्या: कुठला भूभाग, कोणत्या वेळचा आकडा, आणि मोजणीत कोणाला धरलं आहे. वर झालेला घोळ पहिल्या मुद्द्यावरचा होता. नवी मुंबईबाबत तो रोज होतो. बोलताना आपण खारघर, कामोठे, नवीन पनवेल या सगळ्याला नवी मुंबई म्हणतो, आणि सिडकोच्या नियोजनात ते नवी मुंबईच आहे. पण ‘नवी मुंबईची लोकसंख्या ११.२ लाख’ हा २०११ चा आकडा नवी मुंबई महानगरपालिकेचा आहे. बेलापूर, नेरूळ, वाशीपासून ऐरोली-दिघ्यापर्यंतचा हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर रायगड जिल्ह्यात, आणि आता पनवेल महानगरपालिकेत. म्हणून वाक्यात ‘नवी मुंबई’ न लिहिता ‘नवी मुंबई महापालिका हद्द’ लिहायचं. दोन शब्द वाढतात, पण खारघरचा वाचक स्वतःला त्या आकड्यात धरत नाही.

वेळेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे ‘ठाण्याची सध्याची लोकसंख्या’ म्हणून जे आकडे फिरतात ते अंदाज आहेत. अंदाज वापरायला हरकत नाही, पण तो मोजलेल्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द आकड्याला चिकटून आला पाहिजे. लेखाच्या तळाशी दिलेली टीप कोणी वाचत नाही.

तिसरा मुद्दा, म्हणजे कोणाला मोजलं, सगळ्यात जास्त निसटतो. साक्षरतेचं प्रमाण एकूण लोकसंख्येवर काढलेलं नसतं. जनगणनेत ते सात वर्षं आणि त्याहून मोठ्या लोकांवर काढतात. साक्षरतेच्या टक्क्याने जिल्ह्याची सगळी लोकसंख्या गुणून ‘इतके लाख लोक साक्षर’ असं लिहिलं, तर त्यात पाळण्यातली बाळंही साक्षर होतात.

दोन मूळ आकडे आधी, टक्का मागून

आता टक्का काढायचा. स्प्रेडशीटमध्ये जुना आकडा A2 मध्ये आणि नवा B2 मध्ये असेल तर सूत्र हे:

```
=(B2-A2)/A2
```

भागाकारात खाली नेहमी जुना आकडा येतो. उलटं केलं तर उत्तर बदलतं: २०११ ची लोकसंख्या २००१ पेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त होती, पण २००१ ची लोकसंख्या २०११ पेक्षा २६ टक्क्यांनीच कमी होती. फरक तोच २९ लाखांचा, पाया वेगळा. म्हणून ‘२००१ आणि २०११ मध्ये ३६ टक्क्यांचा फरक आहे’ असं अधांतरी वाक्य लिहू नये. कोणापेक्षा, हे त्यात आलंच पाहिजे.

लिहिताना माझी एक सवय आहे आणि ती मी इतरांच्याही गळ्यात मारतो. आधी ‘इतक्यावरून इतक्यावर’ असे दोन्ही मूळ आकडे द्यायचे आणि टक्का त्यांच्या मागून आणायचा. ‘लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर गेली, म्हणजे ३६ टक्क्यांनी वाढली.’ वाचकाचा टक्क्याचा अर्थ लावताना गोंधळ झाला तरी मूळ आकडे त्याला सावरून घेतात. शिवाय तुमचं गणित चुकलं असेल तर कोणीतरी ते पकडू शकतं. नुसता टक्का दिला की ती सोय संपते.

इथे मराठीतल्या दोन प्रत्ययांकडे लक्ष हवं. ‘३६ टक्क्यांनी वाढली’ आणि ‘३६ टक्क्यांवर गेली’ यांत आकाश-पाताळाचं अंतर आहे, आणि घाईत टाइप करताना ‘नी’चा ‘वर’ सहज होतो. ‘मतदान ५० टक्क्यांनी वाढलं’ आणि ‘मतदान ५० टक्क्यांवर आलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की कळतं. मजकूर तपासताना मी फक्त ‘टक्क्यां’ हा शब्द शोधतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या पुढचं अक्षर पाहतो.

‘पट’ तर त्याहून निसरडा. ‘दुप्पट झाली’ म्हणजे शंभराचे दोनशे, यात वाद नाही. पण ‘दोन पटींनी वाढली’ म्हणजे दोनशे की तीनशे? निम्मे वाचक एक समजतात, निम्मे दुसरं, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. ‘झाली’ किंवा ‘इतकी’ असलेलं रूप वापरावं: दुप्पट झाली, तिप्पट झाली, अडीच पट झाली. ‘तीन पटींनी कमी’ ही रचना तर लिहूच नये. एक पट कमी झाली की मुळात शून्य उरतं. त्याला ‘एक तृतीयांशावर आली’ म्हणायचं.

टक्क्यातला टक्का

खरी गंमत आहे ती टक्क्यांमध्ये मोजलेली गोष्ट बदलते तेव्हा. जुन्या, अविभाजित ठाणे जिल्ह्याचं साक्षरतेचं प्रमाण २००१ मध्ये ८०.६७ टक्के होतं, २०११ मध्ये ८४.५३ टक्के. किती वाढलं?

सरळ वजाबाकी ३.८६ येते. वरच्या सूत्रात घातलं तर ४.८ टक्के येतं, कारण ३.८६ ला ८०.६७ ने भागलं जातं. आणि कोणी बाजू उलटी धरली, साक्षर नसलेल्यांचं प्रमाण १९.३३ वरून १५.४७ वर आलं असं पाहिलं, तर ‘निरक्षरता २० टक्क्यांनी घटली’ असं वाक्य तयार होतं. तेही खरं आहे. एकाच बदलाची तीन वाक्यं झाली: ३.८६, ४.८ आणि २०. पत्रक काढणाऱ्याला मोठा आकडा हवा असेल तर तो तिसरं निवडेल, टीकाकार पहिलं. यात कोणी खोटं बोलत नाही, म्हणूनच ही जागा धोक्याची आहे.

पहिल्या प्रकारच्या फरकाला, दोन टक्केवाऱ्यांच्या वजाबाकीला, टक्केबिंदू म्हणतात. हा शब्द अर्थविषयक पानांवर दिसतो, पण सगळ्या वाचकांना तो ओळखीचा नाही. त्यामुळे मी तो एकटा सोडत नाही. ‘साक्षरता ८०.६७ टक्क्यांवरून ८४.५३ टक्क्यांवर आली, म्हणजे जवळपास ४ टक्केबिंदूंनी वाढली’ असं लिहिलं की शब्द माहीत नसला तरी अडत नाही. बँकेच्या बातम्यांत हाच प्रकार ‘पाव टक्का कपात’ म्हणून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तो पाव टक्केबिंदू होता. मुळाच्या मानाने ती घट पावणेचार टक्क्यांच्या थोडी वर भरते. तिथे रूढ बोलीच सगळ्यांना कळते, म्हणून ती बदलायच्या फंदात पडू नये. दोन्ही दर दिले की झालं.

ही चूक कुठून घुसते तेही माहीत असू द्या. स्प्रेडशीटमध्ये टक्क्यांच्या दोन घरांची वजाबाकी केली की उत्तराच्या घरालाही बहुधा आपोआप टक्क्याचं चिन्ह लागतं. पडद्यावर 3.86% दिसतं, लेखक ते उचलून ‘३.८६ टक्क्यांची वाढ’ लिहितो. त्या स्तंभाच्या डोक्यावर ‘फरक, टक्केबिंदू’ असं आधीच लिहून ठेवलं तर हात थांबतो.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. निरक्षरतेचं प्रमाण एक पंचमांशाने घटलं, म्हणजे निरक्षर माणसंही तेवढी कमी झाली का? जिल्ह्याची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली होती हे विसरू नका. सात वर्षांवरची लोकसंख्याही साधारण त्याच वेगाने वाढली असं धरलं, तर २००१ मधल्या प्रत्येक शंभर माणसांमागे २०११ मध्ये १३६ झाली. शंभरांत १९ जण निरक्षर होते. १३६ चे १५.४७ टक्के म्हणजे २१. प्रमाण घटलं आणि माणसं थोडी वाढली. रात्रशाळेला किती वर्ग लागतील याबद्दल लेख असेल तर माणसांचा आकडा कामाचा. शिक्षणाचा प्रसार किती झाला हा विषय असेल तर प्रमाण कामाचं. दोन्हींत गल्लत केली की ‘निरक्षर कमी झाले’ असं न तपासलेलं वाक्य सुटतं.

कोण पुढे, ठाणे की नवी मुंबई?

तुलनेच्या वाक्यात हाच पेच दोन शहरांमध्ये येतो. २००१ ते २०११ मध्ये ठाणे महापालिका हद्दीची लोकसंख्या १२.६ लाखांवरून १८.४ लाखांवर गेली. नवी मुंबई महापालिका हद्दीची ७.०४ लाखांवरून ११.२ लाखांवर गेली. टक्क्यांत पाहा: ठाणे ४६, नवी मुंबई ५९. माणसांत पाहा: ठाण्यात ५.८ लाखांची भर, नवी मुंबईत सुमारे ४.२ लाखांची. दोन्ही शहरांचे अभिमानी आपापला आकडा घेऊन निघू शकतात.

जिथून सुरुवात झाली तो आकडा लहान असला की टक्का फुगतो, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून आकारात बराच फरक असलेल्या दोन गोष्टींची तुलना करताना टक्का आणि प्रत्यक्ष वाढ, दोन्ही एकाच वाक्यात ठेवावीत: ‘नवी मुंबई जास्त वेगाने वाढली (५९ टक्के), पण भर जास्त माणसांची ठाण्यात पडली (५.८ लाख).’ एक या परिच्छेदात आणि दुसरं पुढच्या परिच्छेदात टाकलं तर लोक पहिल्याचाच स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात.

या उदाहरणात गोल आकड्यांचा सापळाही आहे. मी ७.०४ लाख मुद्दाम लिहिलं. ते ‘७ लाख’ असं गोल करून, मग गणित केलं तर ४.२ भागिले ७, म्हणजे ६० टक्के येतात. खरं उत्तर ५९ आहे. एका टक्क्याने काही बिघडत नाही असं वाटेल, पण तुमच्याच लेखात एकीकडे ५९ आणि दुसरीकडे ६० आलं की वाचकाचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. गणित पूर्ण आकड्यांवर करायचं, गोल करायचं ते लिहिताना, तेही शेवटी एकदाच.

सरासऱ्यांची सरासरी काढू नका

विभाजनाचंच उदाहरण पुन्हा घेतो. आजच्या ठाणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर, म्हणजे २०११ च्या लोकसंख्येनुसार दर चौरस किलोमीटरला १,९१५ माणसं. पालघरचं क्षेत्रफळ ५,३४४, घनता ५६०. दोन्ही मिळून जुन्या जिल्ह्याची घनता किती? १,९१५ आणि ५६० यांची सरासरी १,२३७ येते. पण १,१०,६०,१४८ माणसांना ९,५५८ चौरस किलोमीटरने भागलं तर १,१५७ येतं, आणि जनगणनेतही तोच आकडा आहे. पालघरचा भूभाग मोठा आहे, म्हणून त्याचं वजन जास्त धरायला हवं होतं. टक्क्यांचंही असंच असतं. दोन प्रभागांतल्या मतदानाच्या टक्केवाऱ्यांची बेरीज करून दोनाने भागायचं नाही. मूळ मतं आणि मूळ मतदार शोधायचे आणि मग भागायचं. मूळ आकडे मिळत नसतील तर दोन्ही टक्के वेगवेगळे द्यावेत आणि एकत्रित आकड्याचा मोह सोडावा.

लाख, कोटी आणि दशांशाचा टिंब

मोठ्या आकड्यांत मराठी वाचक अडखळतो तो कोटीच्या दशांशावर. ‘१.६ कोटी’ म्हणजे एक कोटी साठ लाख, आणि ‘१.०६ कोटी’ म्हणजे एक कोटी सहा लाख. मोबाइलवर भरभर वाचताना दोन्ही ‘एक कोटी सहा’ असेच वाचले जातात. म्हणून कोटीच्या पुढे दशांश न देता ‘१ कोटी ६ लाख’ असं लिहावं. लाखांच्या बाबतीत ‘५.८ लाख’ चालतं, कारण आठचा अर्थ ऐंशी हजार हे बहुतेकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. दीड, अडीच, सव्वा, पावणेदोन हे शब्दही हाताशी आहेत, पण ‘पावणेदोन कोटी’ म्हणजे १ कोटी ७५ लाख हे शाळेत पाढे न म्हटलेल्या तरुण वाचकाला पटकन लागत नाही. कथनात शब्द, तुलनेत अंक असं मी ठरवून टाकलं आहे.

इंग्रजी स्रोतातून आकडा उचलताना दहाची चूक होते. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ११.०६ मिलियन हे ‘११ लाख’ होऊन छापलं गेलं तर अख्खा जिल्हा नवी मुंबईएवढा होतो. तपासायची सोपी रीत: सगळा आकडा अंकांत लिहून स्थानं मोजायची. लाखाला सहा अंक लागतात, कोटीला आठ. आठ अंक असतील आणि तुमच्या वाक्यात लाख असेल तर थांबा.

स्वल्पविराम आपल्या पद्धतीने दिसावेत म्हणून स्प्रेडशीटच्या सानुकूल अंक-रूपात हे टाकता येतं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात एक खोट आहे. वजा आकडे पहिल्या दोन अटींत बसत नाहीत, त्यामुळे २९,२८,२९९ ची घट असेल तर ती -2,928,299 अशी दिसते. घटीचे स्तंभ हाताने तपासावे लागतात.

लिहिलेला परिच्छेद

सगळं पाळून आपला परिच्छेद असा होतो:

‘आजचे ठाणे आणि पालघर मिळून असलेल्या जुन्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८१ लाख ३२ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १ कोटी १० लाख ६० हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढली. याच काळात सात वर्षांवरील लोकांमधली साक्षरता ८०.६७ टक्क्यांवरून ८४.५३ टक्क्यांवर आली, म्हणजे जवळपास ४ टक्केबिंदूंनी वाढली. (पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. फक्त आजच्या ठाणे जिल्ह्याचा २०११ चा आकडा ८० लाख ७० हजार आहे. तो २००१ च्या आकड्याशी ताडून पाहू नये.)’

कंसातलं शेवटचं वाक्य काढून टाकावं असं संपादकाला वाटेल. काढू देऊ नका. जो वाचक स्वतः शोधायला जाईल त्याला ८०,७०,०३२ हाच आकडा आधी सापडणार आहे, आणि मग तो तुम्हालाच चुकीचं ठरवेल.

लेख पाठवण्याआधी एक चाचणी करा. परिच्छेदातलं आकड्याचं एकच वाक्य उचलून विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या, आणि ‘यातून काय कळलं?’ असं न विचारता ‘आधी किती होते आणि नंतर किती झाले?’ असं विचारा. त्याला दोन आकडे सांगता आले नाहीत, किंवा त्याने ‘कुठले? ठाणे शहराचे का?’ असं उलट विचारलं, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं. शीर्षकासाठीही हीच चाचणी लावा, कारण तिथे जागा कमी म्हणून पाया सगळ्यात आधी छाटला जातो. ‘ठाण्याची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली’ हे शीर्षक नापास होतं. ‘जुना ठाणे जिल्हा: दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी ११ लाख’ हे पास होतं, आणि त्यात टक्का नसला तरी काही अडत नाही.